काठाआधी काटा

कांदिवली स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडून महात्मा गांधी रोडला लागलं की दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात पाय ठेवायला जागा नसते. साडीच्या दुकानांत गाद्यांवर पांढऱ्या चादरी अंथरलेल्या असतात आणि सेल्समन एकामागून एक साड्या उलगडून त्यांचा ढीग घालत असतो. समोर बसलेल्या बायकांचे प्रश्न ठरलेले. रंग जाईल का, याच्यात दुसरा काठ आहे का, ब्लाउजपीस आत आहे ना, आणि सगळ्यात शेवटी, नक्की किती लावणार. साडीचं वजन किती, हा प्रश्न जवळपास कुणीच विचारत नाही. दोन दुकानं सोडून असलेल्या सोनाराकडे ग्रॅमचा हिशेब मिलिग्रॅमपर्यंत नेणारी गिऱ्हाइकं इथे मात्र डोळ्यांनी आणि फार तर बोटांनी खरेदी करतात.

वजन विचारलं नाही तरी ते अंगावर येतंच. सकाळी नेसलेली साडी दुपारी जड का वाटते, एखादीच्या निऱ्या दिवसभर जागच्या जागी कशा राहतात, दुसरी खांद्यावरून सारखी का घसरते, या सगळ्याचं उत्तर तीन गोष्टींत असतं. धागा किती जाड आहे, त्याला पीळ किती दिलाय आणि तो किती दाट विणलाय. रंग आणि काठ त्यानंतर येतात.

चारकोपमधल्या एका घरी यंदा तुळशीच्या लग्नानंतर मुलाचं लग्न आहे. खरेदीच्या निमित्ताने त्या घरात साड्यांचं कपाट उघडलं होतं. तिथेच ओट्यावरचा डिजिटल काटा मागवून चार साड्या एकेक करून त्यावर ठेवल्या. सगळ्या ब्लाउजपीस कापलेल्या, म्हणजे साधारण साडेपाच मीटर लांबीच्या. सुती साडी भरली ४३० ग्रॅम, लिनन ५१०, साधी जॉर्जेट ४२० आणि पैठणी ७४०. वरमाईंना पहिल्यांदा विश्वासच बसेना. त्यांच्या मते जॉर्जेट सगळ्यात हलकी आणि सुती तिच्या दीडपट तरी असायला हवी होती. काट्यावर दोघींत फरक निघाला फक्त १० ग्रॅमचा.

पन्हा ४५ इंच, म्हणजे सुमारे १.१५ मीटर धरला तर साडेपाच मीटर साडीचं क्षेत्रफळ सव्वासहा चौरस मीटरच्या आसपास येतं. वजनाला त्याने भागलं की एका चौरस मीटरचं वजन मिळतं. कापडधंद्यात यालाच जीएसएम म्हणतात. ही सुती साडी ६८ जीएसएमची निघाली, जॉर्जेट ६७ची, लिनन ८१ची. पैठणीला हा भागाकार लावून उपयोग नाही, कारण तिचं वजन सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. त्याकडे पुढे येऊ. आधी हा प्रश्न सोडवू, की एकाच वजनाच्या दोन साड्या अंगावर इतक्या वेगळ्या का वागतात.

शंभर म्हणजे किती?

दुकानात एक आकडा हमखास ऐकू येतो. ‘ताई, हंड्रेड काउंट आहे.’ सुती साडीबद्दलही हे सांगतात आणि लिननबद्दलही. ऐकणारीला वाटतं, दोन्हींचा धागा सारखाच तलम. प्रत्यक्षात या दोन शंभरांचा एकमेकांशी संबंध नाही.

सुताचा काउंट मोजायची पद्धत इंग्लंडच्या गिरण्यांतून आली आणि मुंबईच्या गिरण्यांत रुजली. ८४० यार्डांची एक लड, अशा किती लडी एका पौंडात बसतात तो काउंट. एका पौंडात शंभर लडी बसल्या तर सूत शंभर नंबरचं. आकडा जितका मोठा तितका धागा बारीक. लिननसाठी मोजायची पद्धत तीच, पण लड ३०० यार्डांची. त्यामुळे शंभर नंबरच्या लिननच्या एका पौंडात ३० हजार यार्ड धागा असतो आणि शंभर नंबरच्या सुताच्या एका पौंडात ८४ हजार यार्ड. गणित मांडलं तर शंभरचं लिनन हे छत्तीस नंबरच्या सुताइतकं जाड भरतं. चारकोपच्या त्या घरातली लिनन साडी सुती साडीपेक्षा जड का भरली, याचं कारण इथेच आहे. तिच्या लेबलवरही शंभरच लिहिलेलं होतं.

रेशीम आणि जॉर्जेटचा हिशेब बरोबर उलटा. तिथे डेनियर चालतो. ९,००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितका डेनियर. म्हणजे इथे आकडा वाढला की धागा जाड होतो. कोशातून काढलेला कच्च्या रेशमाचा धागा बहुधा २०-२२ डेनियरचा असतो. शंभर नंबरचं सूत डेनियरमध्ये मोजलं तर सुमारे ५३ येतं आणि शंभर नंबरचं लिनन १४९च्या आसपास. रेशमाचे दोन-तीन धागे एकत्र पिळले तेव्हा कुठे उत्तम सुताच्या एका धाग्याची बरोबरी होते. रेशमी कापड इतकं दाट आणि तरीही तलम विणता येतं ते यामुळे.

दुकानदार खोटं बोलत असतो असं नाही. फक्त दोन वेगवेगळ्या कापडांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करायची नसते. सुती साड्या आपसात ताडून पाहायला काउंट चांगला. ऐंशीची साडी रोजच्या वापराला दणकट, शंभर-एकशेवीसची तलम आणि जपून वापरायची. पण सुती विरुद्ध लिनन विरुद्ध जॉर्जेट असा प्रश्न असेल तेव्हा काट्यावरचे ग्रॅम हेच सगळ्यांना लागू पडणारं माप.

वीण एकच, पीळ वेगळा

भिंगातून पाहिलं तर आणखी एक गंमत कळते. साधी सुती साडी, लिनन, जॉर्जेट आणि पैठणीचं अंग, या चौघींची वीण एकच असते. आडवा धागा एका उभ्या धाग्यावरून, मग पुढच्याच्या खालून, पुन्हा वरून. शाळेत कागदाच्या पट्ट्यांची चटई विणतात तीच. रेशमात साटीन आणि किनखापासारख्या विणीही आहेत, पण आपल्या कपाटातल्या बहुतेक साड्यांचं अंग या साध्या विणीचंच. मग वेगळेपण आणतं कोण? तर धाग्याचा पीळ.

जॉर्जेटच्या पदराच्या टोकाची एक दशी ओढून काढा आणि सोडून द्या. ती सरळ राहणार नाही. आपोआप वळून तिची गुंडी होईल. सुती साडीची दशी मात्र काढल्यावर बरीचशी सरळ पडते. जॉर्जेटच्या धाग्याला एका मीटरमध्ये दोन हजारांच्या वर पीळ दिलेले असतात. इतका पीळ दिलेला धागा सतत उलगडायला बघतो. सगळे धागे एकाच दिशेने पिळलेले असते तर कापड एका बाजूला वळलं असतं. म्हणून दोन धागे उजव्या पिळाचे, दोन डाव्या पिळाचे, असे उभ्यातही आणि आडव्यातही आळीपाळीने लावतात.

मागावरून उतरलेलं जॉर्जेट पाहिलं तर ओळखू येणार नाही. ते सपाट आणि सरळ असतं. सुरतेच्या प्रोसेस हाउसमध्ये ते गरम पाण्याच्या ड्रममध्ये घोळवतात, तेव्हा दाबून ठेवलेला पीळ मोकळा होतो. धागे आक्रसतात, कापडाचा पन्हा कमी होतो आणि पृष्ठभागावर ती बारीक रवाळ चुणी उमटते. बोट फिरवलं की लागतो तो हाच रवा. धागा स्प्रिंगसारखा झाल्यामुळे कापड कुठेही दुमडलं तरी परत सुटतं. म्हणून जॉर्जेटला घडी पडत नाही, ते ताठ उभं राहत नाही आणि अंगाच्या वळणावरून खाली पडतं. सुती साडीचा कमी पिळाचा धागा मात्र दाबला की दबून राहतो, त्याला घडी बसते आणि खळ दिली की तो ताठ उभा राहतो. १० ग्रॅमच्या फरकाने जे समजत नव्हतं त्याचा उलगडा हा असा आहे. अंगाला जाणवतो तो कापडाचा भारच नव्हे, ते किती फुगतं आणि किती चिकटून पडतं हेही जाणवतं. सुती साडी अंगापासून सुटून राहते म्हणून मोठी वाटते, जॉर्जेट अंगासरशी बसते म्हणून हलकी.

आपल्या आज्या ज्या खटाव व्हॉइलच्या साड्यांचं नाव काढत त्यांतही मर्म हेच होतं. भायखळ्याच्या खटाव मिलचं हे कापड शंभर टक्के सुती, पण धागा बारीक आणि नेहमीपेक्षा जास्त पिळाचा. पीळ जास्त असला की धागा गोल आणि आवळलेला राहतो, त्यावरची लव कमी होते आणि दोन धाग्यांमध्ये हवेला वाट उरते. सुती असूनही ती साडी झुळझुळीत पडत असे आणि मुंबईच्या उकाड्यात सुसह्य होत असे.

जॉर्जेटबद्दल एक खुलासा दुकानातच मागून घ्यावा. बाजारातली बहुतेक जॉर्जेट पॉलिएस्टरची असते. शुद्ध रेशमाची जॉर्जेट बनारस आणि बंगळुरूकडून येते, साध्या साडीचं वजन तीनशे ग्रॅमच्याही आत राहतं आणि किंमत कितीतरी पट. दोन्हींची वीण आणि पीळ सारखाच, त्यामुळे फोटोत फरक कळत नाही. अंगावर मात्र कळतो, कारण रेशीम ओलावा पितं आणि पॉलिएस्टर जवळजवळ पीत नाही. नेहमीच्या हवेत सूत आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतं, रेशीम अकरा टक्के, लिनन बारा. पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. ऑक्टोबरच्या दुपारी पॉलिएस्टर जॉर्जेट पाठीला चिकटते ती याच कारणाने.

पण हाच दोष जुलैत गुण ठरतो. पावसात भिजत महावीर नगरपासून स्टेशन गाठायचं, लोकलच्या गर्दीतून चर्चगेटपर्यंत जायचं, तर पाणी न पिणारी पॉलिएस्टर जॉर्जेट ऑफिसात पोचेपर्यंत बरीचशी सुकलेली असते, आणि कडेला लागलेला चिखल एका धुण्यात निघतो. पावसाळ्यात वन-बीएचकेच्या बाल्कनीत सुती साडी दोन-दोन दिवस दमट राहते आणि तिला वास येतो, हे या भागातल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

फॉल, खळ आणि सुरकुती

फॉल-पिकोची कामं घेणाऱ्या बायका साड्यांचे डॉक्टरच म्हणायला हव्यात, कारण बिघडलेली साडी शेवटी त्यांच्याकडे येते. त्यातली सगळ्यात नेहमीची तक्रार म्हणजे काठाला पडलेल्या चुण्या. कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. फॉल सुती असतो आणि पहिल्या धुण्यात तो आटतो. पॉलिएस्टरची साडी आटत नाही. आटलेला फॉल साडीला आत ओढतो आणि निऱ्यांचा खालचा भाग लांबून पाहिलं तरी गोळा झालेला दिसतो. उपाय सोपा आहे. फॉल लावण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यायचा. लग्नाच्या घाईत हीच पायरी गळते. मग टीप उसवून फॉल पुन्हा सैल लावण्यावाचून गत्यंतर नसतं.

लिननमध्ये हाच घोटाळा उलट दिशेने होतो. अंग लिननचं आणि काठ रुपेरी जरीचा, अशी साडी सध्या फार चालते. धुतल्यावर लिनन थोडं आटतं, जर आटत नाही आणि काठ लाटांसारखा उठतो. म्हणून अशी साडी पहिल्यांदा ड्रायक्लीनला द्यावी, किंवा निदान फॉल लावण्याआधी पाण्यातून काढून घ्यावी.

सुती साडीची फसगत खळीत असते. दुकानात ताठ, भरदार आणि जड वाटणारी साडी पहिल्या धुण्यानंतर पोतेरं झाली, हा अनुभव पुष्कळ जणींचा आहे. विरळ विणलेल्या कापडाला भरपूर खळ चढवली की ते दाट भासतं. ओळखायची खूण अशी. साडीचा कोपरा दोन्ही हातांच्या चिमटीत धरून एकमेकांवर जोरात चोळा. पांढरी भुकटी पडली किंवा चोळलेला भाग आसपासच्यापेक्षा एकदम मऊ आणि झिरझिरीत दिसू लागला, तर वजनाचा बराच भाग खळीचा आहे. मग तोच कोपरा उजेडासमोर धरून धाग्यांमधली भोकं पाहावीत. चांगली सुती साडी धुतल्यावर मऊ होते पण विरळ होत नाही.

लिननला चुरगळणं माफ करावं लागतं, कारण तो त्याचा स्वभाव आहे. जवसाच्याच उंच वाणाच्या झाडाच्या खोडातून निघणारा हा तंतू ताठ असतो. ओढला तर तुटण्याआधी तो जेमतेम दोन-तीन टक्के लांबतो. सूत सहा-सात टक्के लांबतं, रेशीम पंधरा ते वीस. जो तंतू लवत नाही तो वाकवला की तिथेच मोडल्यासारखा राहतो. कांदिवली ते चर्चगेट तासाभराच्या प्रवासात बसायला जागा मिळाली तर लिननच्या मांडीवर सुरकुत्या पडणारच. उभ्याने गेलात तर साडी शाबूत राहते. पण उन्हात त्याच ताठपणाचा फायदा होतो. लिनन अंगाला चिकटत नाही, मध्ये हवा खेळते आणि घाम पिऊन लवकर सुकतं. इस्त्री मात्र कापड ओलसर असतानाच आणि गरमच करावी. कोरड्या लिननवर कितीही इस्त्री फिरवली तरी सुरकुती निघत नाही.

लिननचा तंतू भारतात फार पिकत नाही. तो मुख्यतः फ्रान्स-बेल्जियमकडून येतो. म्हणून खरं लिनन स्वस्त नसतं, आणि सातशे रुपयांत ‘प्युअर लिनन’ मिळतंय असं कुणी म्हटलं तर ते बहुधा गाठाळ धाग्याचं पॉलिएस्टर किंवा फार तर सूत आणि लिननचं मिश्रण असतं.

पैठणीचं वजन कुठे असतं?

आता त्या ७४० ग्रॅमकडे. ही पैठणी येवल्याची, हातमागावरची. तिचा पदर एका हातात आणि मधलं अंग दुसऱ्या हातात धरलं तर डोळे मिटूनही फरक सांगता येतो. अंगाचं रेशीम चारही साड्यांत सगळ्यात तलम, पण काठाची जर आणि पदराचं भरीव विणकाम यांत वजन एकवटलेलं असतं. पदर विणताना धोटा पूर्ण पन्ह्यातून फिरवत नाहीत. मोर, पोपट, वेल यांच्या प्रत्येक रंगाच्या वेगळ्या तिल्ल्या असतात आणि विणकर तेवढ्याच धाग्यांतून हाताने त्या फिरवतो. शेजारच्या रंगाच्या धाग्यात धागा अडकवून मागे येतो. म्हणून मागच्या बाजूला सुटे धागे राहत नाहीत आणि पदर दोन्हीकडून सारखा दिसतो. मागे कापलेल्या धाग्यांची लव दिसली तर ते जॅकार्डचं काम. ते वाईट असतं असं नाही, पण किंमत हातमागाच्या पैठणीची देऊ नये.

वजन पदरात असल्याचे परिणाम नेसताना दिसतात. पदर मागे सोडला की तो साडीला मागे खेचतो आणि सगळा ताण खांद्यावरच्या पिनेवर येतो. पिन थेट रेशमातून टोचली तर दिवसअखेर तिथे भोक पडतं आणि पुढच्या वेळी फाटतं. पिन काठाच्या जाड भागातून, आत लहानसा कापडाचा तुकडा ठेवून लावावी. कपाटातही हाच ताण घडीवर येतो. महिनोन्‌महिने एकाच घडीत ठेवलेली पैठणी घडीच्या रेषेवर, विशेषतः जरीपाशी, तडकते. म्हणून दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळी घालायची आणि मलमलच्या धुवट कापडात गुंडाळायची. अत्तर आणि डिओडरंट जरीला काळं पाडतात, ते साडी नेसण्याआधी लावून सुकू द्यावं. ओलं रेशीम कोरड्यापेक्षा दुबळं असतं, त्यामुळे घामाने भिजलेला भाग घासू किंवा पिळू नये. सूत आणि लिननचं बरोबर उलटं, ते ओलं असताना जास्त मजबूत असतं आणि बिनधास्त धुता येतं.

रेशमाच्या वजनाला आणखी एक बाजू आहे. कच्च्या रेशमावर नैसर्गिक डिंक असतो. तो उकळून काढला की वजनाचा वीस-पंचवीस टक्के भाग निघून जातो आणि मग रेशीम मऊ व चमकदार होतं. ज्या रेशमातला डिंक पुरता काढलेला नसतो ते कडक, कागदासारखं आणि थोडं निस्तेज राहतं. जड आहे म्हणून भारी, हा हिशेब रेशमात धोक्याचा.

एका लग्नाचा हिशेब

चारकोपच्या घरातला प्रश्न सरळ होता. वरमाईंना हळद, मुहूर्त आणि रिसेप्शन अशा तीन प्रसंगांच्या साड्या ठरवायच्या होत्या, शिवाय आमंत्रणं करायला फिरायचं होतं. त्यात मुलाच्या आत्याबाईंनी भेट म्हणून पाठवलेली एक पाचवी साडी होती. जॉर्जेटवर टिकल्या, खडे आणि मण्यांचं दाट काम. ती काट्यावर ठेवली तेव्हा १,१५० ग्रॅम भरली. पैठणीपेक्षा चारशे ग्रॅमनी जास्त.

हळदीला सुती. संध्याकाळभर उठबस करायची, हात हळदीने माखलेले आणि डाग नक्की पडणार. हळदीच्या डागावर साबण लावला की तो लाल होतो, पण घाबरायचं कारण नाही. धुऊन दोन दिवस कडक उन्हात टाकली की सुती कापडावरचा पिवळा रंग बराचसा उडतो. रेशमावर हा प्रयोग करता येत नाही, कारण तेच ऊन रेशमाचा रंग आणि धागा दोन्ही खराब करतं.

मुहूर्ताला पैठणी. इथे रिवाजाइतकंच महत्त्व आगीला आहे. विधींमध्ये होम असतो आणि वरमाई त्याच्या जवळपास वावरणार. पॉलिएस्टर पेटलं की वितळतं आणि वितळलेलं कापड कातडीला चिकटतं, त्यामुळे भाजतं जास्त खोल. तलम सुती साडी वितळत नाही, पण भरभर पेट घेते. रेशीम सावकाश जळतं आणि ज्योत दूर झाली की बहुधा विझू पाहतं. तेही आगीत सुरक्षित नाही, पण चौघांत निवडायचं तर होमाजवळ आणि दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या पणत्यांजवळ रेशीमच बरं. लटकता पदर कमरेला खोचावा हे मात्र सगळ्यांनाच लागू.

रिसेप्शनला आत्याबाईंची कामाची जॉर्जेट नेसायची, यावर घरात बराच खल झाला. अडचण वजनाची नव्हती, वजन कशावर लटकतंय याची होती. पैठणीत जर विणीचाच भाग असते. इथे ६७ जीएसएमच्या झिरझिरीत कापडावर वरून टाचलेलं जवळपास ७०० ग्रॅमचं काम होतं. चालताना निऱ्या खाली खेचल्या जातात, खांद्यावर कापड ताणून धागे सरकतात आणि वरच्या खड्यांत शेजारणीच्या बांगड्या अडकतात. फॉलवालीने सुचवलेला तोडगा वरमाईंना पटला. खांद्याच्या भागाला आतून त्याच रंगाच्या क्रेपची पट्टी लावायची, परकर सॅटिनचा न घेता सुती आणि घट्ट नाडीचा घ्यायचा, आणि निऱ्या पिनेऐवजी आतून टाक्याने पक्क्या करायच्या. एसी हॉलच्या कोरड्या हवेत पॉलिएस्टर पायांना चिकटतं, तेही सुती परकराने कमी होतं.

आमंत्रणांना लिनन. ठाकूर व्हिलेजपासून दहिसरपर्यंत रिक्षा आणि मेट्रोने दिवसभर फिरायचं, प्रत्येक घरी दहा मिनिटं टेकायचं. सुरकुत्या पडतील, पण लिननच्या सुरकुत्या कुणी गबाळेपणा मानत नाही आणि दुपारच्या उन्हात दुसरं कुठलंही कापड इतकं सुखाचं नाही.

जाळून पाहायचं असेल तर

नवीन साडीच्या नावाची खात्री करायला जुनी चाचणी अजून चालते. पदराच्या दोन-तीन दशा कापून, एकत्र पिळून, चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवायच्या. सूत आणि लिनन कागदासारखं जळतं, वास जळक्या कागदाचा आणि मागे हलकी राख. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि काळा मणी उरतो, तो बोटाने चुरता येतो. पॉलिएस्टर आक्रसत वितळतं आणि उरलेला मणी टणक असतो, फुटत नाही. उभा आणि आडवा धागा वेगवेगळा जाळून पाहायचा, कारण मिश्रण बहुतेक वेळा एकाच दिशेत असतं. पदराच्या दशा फक्त उभ्या धाग्यांच्या. आडवा धागा साडीच्या कापलेल्या टोकाकडून सोडवून काढावा लागतो.

सूत आणि लिनन या चाचणीत एकमेकांपासून वेगळी ओळखता येत नाहीत. त्यासाठी धागा ओला करून हळूहळू ओढून तोडावा. सुताचं तुटलेलं टोक आखूड आणि कुंच्यासारखं फुलतं, लिननचं लांब, असमान आणि टोकदार राहतं. रेशमासाठी सेंट्रल सिल्क बोर्डाच्या यंत्रणेचं ‘सिल्क मार्क’ लेबल असतं, पण ते रेशीम शुद्ध असल्याचं सांगतं, साडी हातमागाची असल्याचं नाही. त्यासाठी ‘हँडलूम मार्क’ वेगळा पाहावा लागतो. दोन्हींतलं काहीही जरीबद्दल बोलत नाही. मोठी रक्कम गुंतली असेल आणि शंका मिटत नसेल तर घाटकोपरला बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन आहे. १९५४ साली गिरण्यांसाठी उभ्या राहिलेल्या या संस्थेच्या प्रयोगशाळेत कापडातल्या तंतूंची टक्केवारी तपासली जाते.

आत्याबाईंची साडी काट्यावर ठेवली त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला. एवढं सगळं ऐकून त्या म्हणाल्या, ‘वहिनी, किलोभर आहे हे मला माहीत नव्हतं, पण रिसेप्शनला तुम्हाला फक्त उभंच राहायचंय ना?’ वरमाईंनी ती नेसायचं कबूल केलं, एका अटीवर. स्टेजवर फोटो झाले की पंगतीच्या आधी ती बदलायची, आणि तेव्हा नेसायला ४३० ग्रॅमची सुती साडी हॉलवरच्या खोलीत इस्त्री करून ठेवलेली असेल.